ऑक्सफर्ड, डर्बी, मंक, लोफर : दुकानात सगळेच 'फॉर्मल', मग ओळखायचे कसे?

केदार_नाशिक
मंडळी, सप्टेंबरमध्ये मामेबहिणीचं लग्न आहे, एडिनबरोला. नवरामुलगा तिकडचाच. पत्रिकेवर कपड्यांसाठी 'लाउंज सूट' असं छापलंय. सूट शिवायला टाकला, गडद निळा. अडलंय ते बुटांपाशी.

दुकानात चार जोड समोर ठेवले. पहिल्याला नाडी, पुढे बोटांवर एक आडवी शिवण. दुसऱ्यालाही नाडी आणि तशीच शिवण, पण नाडीचा भाग पंखांसारखा सुटा. तिसऱ्याला नाडीच नाही, बाजूला दोन बकलं. चौथा नुसता पाय सरकवून घालायचा, वर एक पट्टी. दुकानदार पहिल्या दोघांनाही ऑक्सफर्ड म्हणाला. तिसऱ्याला 'पार्टी ऑक्सफर्ड' म्हणाला, तेव्हा मी घरी आलो.

प्रश्न असे : हे एकमेकांपासून ओळखायचे कसे? टोक गोल, निमुळतं की चौकोनी यावरून प्रकार ठरतो का? आणि या लग्नाला कुठला चालेल? एक गोष्ट सांगून ठेवतो, माझ्या पावलाचा वरचा भाग बराच उंच आहे. नाडीचे बूट मला शाळेपासून काचतात.

बाळ्या_डोंबिवली
सोप्पंय रे. नाडी असली की ऑक्सफर्ड, नसली की लोफर, बकल असलं की मंक, आणि भोकाभोकांची नक्षी असली की डर्बी. टोक जितकं लांब तितका बूट फॉर्मल. काळा घे, विषय संपला.

फुकटफौजदार
लग्नाला जातोयस ना? मग लोफर अजिबात नको. करवल्यांना पळवायला सगळ्यात सोपा. डबल मंक घे, दोन बकलं सोडवेपर्यंत मुहूर्त टळेल.

चर्मयोगी
आधी आग्र्याला आणि मग अंबूरला बुटांच्या कारखान्यात नोकरी केली, म्हणून चार ओळी लिहितो.

केदार, दुकानात बूट हातात घे आणि नाडी वरच्या तीन-चार भोकांतून काढ. मग ज्यात भोकं असतात ते दोन पल्ले बाजूला ओढून बघ. पहिल्या जोडात पल्ले वरून उघडतील, पण खालच्या टोकाशी घट्ट बांधलेले राहतील. कारण बोटांवरून येणारा पुढचा तुकडा त्या पल्ल्यांच्या वरून शिवलेला आहे, पल्ले त्याच्याखाली गेलेत. हा ऑक्सफर्ड. दुसऱ्या जोडात पल्ले पुढच्या तुकड्याच्या वर बसवून शिवलेले असतील. नाडी काढली की ते जॅकेटच्या दोन बाजूंसारखे पूर्ण उघडतात. हा डर्बी. फरक एवढाच आहे, कोण कोणाच्या वर शिवलंय.

जिभेकडेही बघ. डर्बीत पुढचं कातडंच बहुतेक वेळा सलग वर जाऊन जीभ होतं. ऑक्सफर्डमध्ये जीभ हा वेगळा तुकडा, आतून शिवलेला.

बाळ्या, नक्षीचा आणि प्रकाराचा काही संबंध नाही. भोकांच्या नक्षीला ब्रोग म्हणतात आणि ती ऑक्सफर्डवरही असते, डर्बीवरही असते, मंकवर आणि लोफरवरही दिसते. बोटांवरची आडवी शिवणही तशीच, ती कोणावरही असू शकते. दुकानदार शिवण बघून ऑक्सफर्ड म्हणत असणार.

बाळ्या_डोंबिवली
पण बकल असलं की मंक, हे तर बरोबर ना?

चर्मयोगी
ते बरोबर. नाडी नसली की लोफर, हेही बरंचसं खरं, पण मंकलाही नाडी नसते आणि बिननाडीचे इलॅस्टिकवालेही असतात. बाजारात तर असेही जोड आहेत ज्यांना नाडी नुसती दाखवायला असते, खाली इलॅस्टिक. म्हणून म्हटलं, नाडी सोडून बघ. सुटलीच नाही तर दुकान सोड.

अवंती_म
फोटोवरून घ्यायचा असेल तर कसं ओळखायचं, चर्मयोगी दादा? ऑनलाइनवर 'ऑक्सफर्ड' शोधलं की निम्मे डर्बी येतात.

चर्मयोगी
नाडीच्या सगळ्यात खालच्या भोकाजवळ झूम करायचं. तिथे पल्ल्याची कड पुढच्या कातड्याच्या वर उचललेली दिसली, कोपऱ्याशी एखादी गोल किंवा तिरपी जादा शिवण दिसली, तर डर्बी. पल्ल्यांच्या कडा पुढच्या कातड्याखाली नाहीशा होत असतील आणि तिथे एक लहानसा आडवा टाका असेल, तर ऑक्सफर्ड. वरून काढलेल्या फोटोत हे चांगलं दिसतं, बाजूच्या फोटोत फसायला होतं.

ठाणेकर_वकील
इतक्या चर्चेची गरज नाही. सूटवर काळा ऑक्सफर्ड. पुढे आडवी शिवण किंवा साधा. बाकी सगळे शनिवार-रविवारचे बूट. आमच्या व्यवसायात अजून काही जण हे पाळतात, बहुतेक जण पाळत नाहीत हे दुर्दैव.

अश्विन_न्यूजर्सी
वकीलसाहेब, इथे अमेरिकेत तुमचेच व्यवसायबंधू सूटवर गोंडेवाले लोफर घालतात. १९९२ च्या निवडणुकीत थोरल्या बुश यांनी क्लिंटनच्या पाठीशी असलेल्या वकिलांना या गोंड्यांवरूनच टोमणा मारला होता, इतकी ती त्यांची ओळख होती.

पट्टीवाला जो लोफर आहे ना, केदारचा चौथा जोड, तो मुळात नॉर्वेचा. ऑर्लंड गावच्या बुटावरून बास कंपनीने १९३६ मध्ये अमेरिकेत काढला. नाव 'वीजन', नॉर्वेजियनचं अर्धं नाव. कॉलेजची पोरं घालायची. तिथून तो ऑफिसात शिरला.

ठाणेकर_वकील
शिरला हेच क्रियापद योग्य आहे.

सुलभाताई
मला एक विचारायचंय. आमच्या ह्यांचे पाय संध्याकाळी सुजतात, वाकून नाडी बांधता येत नाही. लोफर घेतले तर सकाळी होतात आणि संध्याकाळी निघत नाहीत. यावर ऑक्सफर्ड चालेल का?

फुकटफौजदार
सुलभाताई, तुम्ही काकांनाही एडिनबरोला पाठवा. थंडीत सूज उतरते म्हणे.

एडिनबरोकर_मावशी
अरे वा, आमच्या गावी लग्न! केदार, इथे बरीच वर्षं राहते म्हणून व्यवहाराचं सांगते. लाउंज सूट म्हणजे ऑफिसला घालतात तसा साधा सूट आणि टाय. पत्रिकेत ब्लॅक टाय, म्हणजे बो-टायसकट संध्याकाळचा काळा सूट, असतं तर मी पण वकिलांसारखं काळा ऑक्सफर्ड म्हटलं असतं. लाउंज सूटला ऑक्सफर्ड उत्तम, पण चांगला काळा डर्बी घातलास तर इथे कोणी मान वळवून बघणार नाही.

दुसरं, जुन्या गावात रस्ते दगडी, उताराचे आणि बरेचदा ओले असतात. कातडी तळाचे नवे बूट घालून चर्चच्या पायऱ्या उतरताना आमचे एक पाहुणे वधूपक्षाच्या आधी खाली पोचले होते. पातळ रबरी तळाचा घे. बाजूने दिसत नाही.

तिसरं, निम्मे पुरुष किल्टमध्ये असतील. त्यांच्या बुटांना घिली ब्रोग म्हणतात. त्याला जीभच नसते आणि लांब नाड्या पोटरीपर्यंत गुंडाळतात. ते बघून गोंधळू नकोस, हा तुझ्या चारांतला नाही.

बाळ्या_डोंबिवली
लाउंज सूट म्हणजे लाउंजमध्ये घालायचा, म्हणजे कॅज्युअल नाही का? मी तर लोफर घाल आणि मोजे नको असं सांगणार होतो.

एडिनबरोकर_मावशी
बाळ्या, सप्टेंबरात इथे मोजे न घालता उभा राहून दाखव.

फुकटफौजदार
जिभेशिवाय बूट! आमच्या घरात एक जोड हवाय.

केदार_नाशिक
मावशी, चर्मयोगी, आभार. पल्ल्यांची युक्ती घरच्या जुन्या बुटांवर करून बघितली. माझे शाळेपासूनचे सगळे बूट डर्बी निघाले! मग मला ते का काचायचे? आणि टोकाचं राहिलंच.

चर्मयोगी
शाळेचे बूट बहुतेक डर्बीच असतात. पोरांचे पाय वाढतात, पल्ले उघडले की जागा होते. तुला काचायचे ते बहुधा जिभेपाशी, म्हणजे उंच भागावर. मोजमाप घे, मग बोलू. संध्याकाळी घे, दोन्ही पायांचं, वजन टाकून उभा राहून. कागदावर पाऊल ठेवून टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत लांबी. मग टेप घेऊन दोन घेर : एक बोटांच्या मुळाशी, जिथे पाऊल सर्वांत रुंद आहे तिथे. दुसरा पावलाच्या मध्यावर, जिथे नाडीची गाठ येते तिथे.

आता टोक. टोकाचा आकार फर्म्यावरून येतो. फर्मा म्हणजे ज्या पायाच्या आकारावर कातडं ओढून बूट चढवतात तो, पूर्वी लाकडी, आता प्लॅस्टिकचा. एकाच फर्म्यावर आम्ही सकाळी ऑक्सफर्ड चढवायचो, दुपारी डर्बी. म्हणजे टोक गोल आहे की चौकोनी यावरून प्रकार कधीच कळत नाही. त्यावरून एवढंच कळतं की बूट किती सभ्य दिसेल आणि बोटं किती सुखात राहतील.

फॉर्मल बुटाला बदामासारखं हलकं निमुळतं टोक सगळ्यात सुरक्षित. अगदी गोल, फुगीर टोक कामाचा बूट वाटतो. कापल्यासारखं चौकोनी टोक मधे एकदा फार चाललं, आता सूटखाली जड दिसतं. आणि आपल्याकडे लग्नसराईत जे लांब टोकदार मिळतात, त्यांच्यात बोटांपुढे दोन-अडीच इंच नुसती हवा असते. बूट वाकतो तिथे सुरकुती, आणि रिकामं टोक महिन्याभरात वर वळतं. बोटांपुढे साधारण एक ते दीड सेंटिमीटर मोकळं पुरतं.

अवंती_म
टोकाबद्दल दुसरी बाजू. बायकांच्या सेक्शनमध्ये ऑक्सफर्ड नावाने जे मिळतं त्यातलं टोक इतकं अरुंद असतं की करंगळी रडते. मी शेवटी पुरुषांच्या लहान मापात डर्बी घेते. चर्मयोगी दादांचं वाचून आता कळतंय की दोष फर्म्याचा होता, नावाचा नव्हता.

निवृत्त_पाटील
पोलीस खात्यात उभा जन्म तपकिरी बुटात गेला. आमच्याकडे नाडी कशी ओवायची यावरही परेडला बोलणी बसायची. बाहेरून फक्त सरळ आडव्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत, तिरपी ओढ सगळी आत. बंद पल्ल्यांच्या बुटाला हीच ओवणी शोभते. सुट्या पल्ल्यांना फुलीची ओवणी चालते आणि पकडही चांगली मिळते.

एक अडचण सांगतो. भोकांच्या जोड्या सहा किंवा चार असल्या की आडवी ओवणी बिनचूक बसते. पाच असल्या की एका जागी नाडी आतून तिरपी न्यावी लागते, नाहीतर एक टोक वर आणि एक खाली राहतं. आणि फॉर्मल बुटाला पातळ, गोल, मेण लावलेली नाडी. चपटी जाड नाडी म्हणजे खेळाचा बूट.

ठाणेकर_वकील
पाटीलसाहेब, तुमच्यासारखी माणसं उरली नाहीत.

अश्विन_न्यूजर्सी
मधेच मंकबद्दल बोलू का? केदारच्या तिसऱ्या जोडावर सगळे गप्प आहेत. डबल मंक मला सगळ्यात देखणा वाटतो. उंच पावलाला तर तोच बरा, नाडीच नाही म्हणजे काचणार काय?

चर्मयोगी
अश्विन, दिसायला देखणा, मान्य. पण उंच पावलाचं तुझं गणित अर्धंच बरोबर आहे. मंकची बांधणी डर्बीसारखीच, नाडीच्या जागी एक पल्ला दुसऱ्यावरून जाऊन बकलात अडकतो. नाडीला दर भोकाशी वेगळा ताण देता येतो, खाली सैल आणि वर घट्ट, किंवा उलट. पट्ट्याला मोजकी भोकं असतात. पाऊल फार उंच असेल तर शेवटच्या भोकातही पट्टा ताणून बसतो आणि बकल नेमकं हाडावर येतं. दुकानात पट्टा मधल्या भोकात बसला तर घ्यावा. शेवटच्या भोकात बसला तर नको, कारण संध्याकाळी सोडायला भोकच उरत नाही.

डबल मंकमध्ये बऱ्याचदा वरच्या बकलाखाली इलॅस्टिक असतं. रोज एकच पट्टा सोडायचा, दुसरा तसाच ठेवायचा. फुकटफौजदारांचा मुहूर्त त्यामुळे टळत नाही.

ठाणेकर_वकील
पण मंक हा सूटचा बूट आहे का, हे कोणी सांगेना. बकल चकाकतं, नजर पायाकडे जाते. सूटमध्ये नजर चेहऱ्याकडे जायला हवी.

अवंती_म
असं कसं? जॉन लॉब या बूटकंपनीचा डबल मंक १९४५ पासून आहे, सूटवर घालणाऱ्यांचाच तो बूट. साधं काळं कातडं, लहान बकल असेल तर तो जाड तळाच्या नक्षीदार डर्बीपेक्षा जास्त फॉर्मल. नुसत्या नावावरून उतरंड लावली की असं होतं.

ठाणेकर_वकील
आणि तपकिरी डबल मंक, लाल मोजे, आखूड पँट?

अवंती_म
तो गुन्हा बुटाचा नाही.

एडिनबरोकर_मावशी
मी अवंतीच्या बाजूने. इथल्या लग्नांत मंक भरपूर दिसतात. पण वकिलांचं एक पटतं, ज्याला धोका नको त्याने नाडी.

सुलभाताई
माझ्या प्रश्नाचं कोणीतरी बघा हो.

रश्मी_पुणे
केदार, एक धोक्याची सूचना. लग्नासाठी घेतलेला बूट नंतर कपाटात पडून राहतो, बरोबर? माझ्या भावाने असाच जपून ठेवलेला जोड काही वर्षांनी एका रिसेप्शनला घातला. हॉलमध्ये शिरल्यावर त्याच्या मागे काळा भुगा पडत चाललेला. जेवणाच्या रांगेत तळच सुटला. वरचं कातडं नव्यासारखं!

चर्मयोगी
हे फार जणांना होतं आणि लोक कातड्याला दोष देतात. तो तळ पॉलियुरेथेनचा असणार, बोलीत पीयू. हवेतल्या दमटपणाने तो आतून फुटत जातो. वापरात असो वा नसो, प्रक्रिया चालूच असते, आणि डबा बंद करून ठेवला तर ओल आतच राहते. घालून चालायला लागलं की भुगा. त्यामुळे अधूनमधूनच घालायच्या बुटाला रबर, टीपीआर म्हणजे रबरासारखं प्लॅस्टिक, किंवा कातड्याचा तळ बघावा. पीयू हलका असतो, दुकानात पायाला सुखद वाटतो, तिथेच फसगत होते. तळावर अंगठ्याने दाबून बघ, स्पंजसारखा दबला तर विचार.

केदार_नाशिक
मापं घेतली आणि काल पुन्हा दुकानात गेलो. लांबी २६.४ सेंमी. बोटांच्या मुळाशी घेर २५.५, मध्यावर २७.८. उजवं पाऊल डाव्यापेक्षा किंचित मोठं.

आठ नंबरचा ऑक्सफर्ड घातला. बोटांना जागा बरोबर, टाच बरोबर. पण नाडी ओढूनही वर दोन पल्ल्यांत तीन सेंटिमीटरची फट राहिली आणि जीभ उघडी पडली. दुकानदार म्हणाला, घालून घालून जुळेल. मग नऊ नंबर दिला. फट दोन सेंटिमीटरवर आली, पण टाच प्रत्येक पावलाला वर निघते. दहा घालू का असं त्याने विचारलं.

चर्मयोगी
दहा घातलास तर नाडीऐवजी वल्ही लागतील.

तुझी आकडेवारी छान बोलते आहे. लांबी आणि बोटांजवळचा घेर अगदी मध्यम, मधला घेर मात्र त्याहून दोन सेंटिमीटरच्या वर जास्त. म्हणजे पाऊल लांब नाही, रुंदही नाही, फक्त उंच आहे. आता इंग्रजी मापात एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंच वाढते, साधारण साडेआठ मिलिमीटर. नऊ नंबरात तू उंचीसाठी थोडी जागा मिळवलीस आणि त्यासाठी साडेआठ मिलिमीटर नको असलेली लांबी घेतलीस. पाऊल वाकतं तिथे बूट वाकत नाही, त्याची वाकायची जागा पुढे सरकलेली असते. सुरकुती बोटांवर टोचते आणि टाच सुटते.

'घालून जुळेल' हे किती खरं? नव्या ऑक्सफर्डमध्ये अर्धा-एक सेंटिमीटर फट असणं चांगलंच. आतला तळ दबतो, कातडं थोडं रुळतं, फट मिटते. पहिल्याच दिवशी पल्ले एकमेकांना टेकले तर उलट वाईट, कारण पुढे आवळायला जागा नाही. पण तीन सेंटिमीटर मिटत नाहीत. ऑक्सफर्डचे पल्ले खाली बांधलेले आहेत, तू वरून कितीही ओढ, खालचा आडवा टाका जागा देत नाही. ओढत राहिलास तर तोच टाका उसवतो.

तुला डर्बी. आठच नंबर.

ठाणेकर_वकील
रुंद मापाचा ऑक्सफर्ड मिळतो. इंग्रजी बुटांवर नंबरापुढे एफ, जी अशी अक्षरं असतात. इतक्या लवकर शरण का जायचं?

चर्मयोगी
मिळतो. अक्षर जितकं पुढचं तितका घेर जास्त. आपल्याकडे दुकानात ही निवड फारशी ठेवत नाहीत, पण समजा मिळाला, तरी अक्षर पुढे गेलं की बोटांजवळचा घेरही वाढतो. केदारचा तिथला घेर मध्यम आहे, म्हणजे पुढे पाय डुलणार. वरच्या भागातच जादा जागा हवी असेल तर फर्म्यावर कातड्याचा तुकडा चिकटवून बूट करून घ्यावा लागतो. धारावीत आणि आग्र्यात असे कारागीर आहेत, पण सप्टेंबरच्या आत नवा कारागीर, नवा फर्मा, मला जोखीम वाटते.

अश्विन_न्यूजर्सी
मग लोफर? त्यात पल्ल्यांची भानगडच नाही.

चर्मयोगी
लोफर केदारसाठी सगळ्यात वाईट. त्यात आवळायचं-सोडायचं काही नसतं, वरची पट्टी आणि टाच यांच्यामध्ये पाऊल अडकून राहतं. उंच पावलाला पट्टी दाबते, वळ उठतो. मोठा नंबर घेतला की टाच निघते. ज्याचं पाऊल मध्यम त्याला लोफर सुखाचा, तोही सुरुवातीला जरा आवळच घ्यायचा, कातडं रुंदीत सैलावतं.

बाळ्या_डोंबिवली
माझे लोफर सगळे टाचेत निघतात. मी बोटं आत दुमडून चालतो.

फुकटफौजदार
म्हणूनच तू लिफ्टने जातोस.

अवंती_म
बाळ्या, टाचेच्या आत चिकटवायचे मऊ पॅड मिळतात, लावून बघ. थोडं चालतं. पुढच्या वेळी अर्धा नंबर कमी.

केदार_नाशिक
घेतला! आठ नंबरचा काळा डर्बी. बोटांवर एक आडवी शिवण, नक्षी काही नाही, टोक बदामी, पातळ रबरी तळ. अंगठ्याने दाबून बघितला, दबत नाही. नाडी बांधल्यावर पल्ल्यांत दीड सेंटिमीटर अंतर राहतं. हे चालेल ना, की इथेही मिटलं पाहिजे?

चर्मयोगी
डर्बीत चालतं, तो तसाच दिसायला हवा. वरपासून खालपर्यंत अंतर सारखं आहे का बघ. वर जास्त आणि खाली कमी असेल तर नाडी खालच्या भोकांत सैल कर. जिभेपाशी काचलं तर जिभेच्या आतल्या बाजूला पॅड लावू नकोस, दुकानदार देईल, पण त्याने उंची आणखी वाढते. निघण्याआधी घरात मोजे घालून रोज थोडा वेळ फिरव.

निवृत्त_पाटील
आणि नाडी फुलीची ओव. भोकांच्या जोड्या किती आहेत?

केदार_नाशिक
चार, पाटीलसाहेब.

निवृत्त_पाटील
मग आडवीही बसेल. तरी उंच पावलाला फुलीच बरी, ताण वाटला जातो.

ठाणेकर_वकील
डर्बी तर डर्बी. निदान काळा आहे. मंकबद्दलचं माझं मत कायम.

अवंती_म
माझंही.

चर्मयोगी
सुलभाताई, तुमचा प्रश्न राहिला होता. काकांना ऑक्सफर्ड नको, तो सुजलेल्या पायाला सगळ्यात कमी जागा देतो. डर्बी घ्या आणि नाडीच्या जागी इलॅस्टिकची नाडी ओवून घ्या, गाठ मारायची नसते, लांब शूहॉर्नने न वाकता पाय जातो. सूज रोजचीच असेल तर डॉक्टरांना दाखवा, ते बुटाने सुटणार नाही. आणि खरेदीला संध्याकाळीच न्या, सकाळी नको.

सुलभाताई
हे म्हणतात संध्याकाळी मॅच असते.